शुभेच्छांची पोच

"काकू, एका संध्याकाळी तीन-तीनदा डोळे भरून आले? डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या हो!"

पुतण्याच्या बायकोने हे आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, पुढे चार हसरे चेहरेही लावले. मी आधी रागावले. मग वर जाऊन माझेच निरोप वाचले आणि गप्प बसले. मुलीचं खरं होतं. नणंदेला, मामेबहिणीला आणि भाच्याला मी एकच वाक्य लिहिलं होतं : "तुमच्या शुभेच्छा वाचून डोळे भरून आले."

तर झालं होतं असं. 2024 च्या मार्चमध्ये मला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. शांत वगैरे काही केली नाही. घरच्या घरी औक्षण, गोडाचा शिरा, संपलं. पण निरोप मात्र अपेक्षेपेक्षा फार आले. नंतर वहीत मांडले तेव्हा चौऱ्याण्णव भरले. त्यात बावीस फोन, अकरा पत्रं आणि बाकी एकसष्ट मोबाईलवरचे. (सगळे "अभिनंदन" म्हणत होते. पंच्याहत्तरीत अभिनंदन करण्यासारखं मी नक्की काय केलं? जिवंत राहिले, एवढंच. असो.) फोनवाल्यांना उत्तर तिथल्या तिथे दिलं होतं. राहिले बहात्तर. त्यांतल्या सतरा जणांना मी त्याच संध्याकाळी, चार वाक्यं तयार करून, आलटून पालटून चिकटवून टाकली. चार वाक्यं आणि सतरा माणसं म्हटल्यावर पकडली जाणारच होते.

खरं म्हणजे हा गुन्हा मी दुसऱ्यांदा केला होता. 2007 साली निवृत्त झाले तेव्हा साठेक शुभेच्छापत्रं आली होती. मी छापखान्यात जाऊन एक छोटं कार्ड छापून घेतलं, "आपल्या सदिच्छांबद्दल मनःपूर्वक आभार", आणि खाली सही करून सगळ्यांना पाठवलं. मला वाटलं, किती नीटनेटकं काम! महिन्याभराने माझी थोरली बहीण भेटली. ती म्हणाली, "तुझी पोच पोचली. आमच्या बँकेकडूनही अशीच येते." माझ्याच बहिणीला मी आपल्या सदिच्छांबद्दल आभार म्हटलं होतं. पोच पाठवली होती, पण पोच नव्हती मला.

त्यावर मी तेव्हा काय शिकले? बहुतेक काहीच नाही, कारण सतरा वर्षांनी तेच केलं. यंदा मात्र उरलेल्या निरोपांसाठी आठवडाभर रोज दुपारी बसले, वही-पेन घेऊन. त्यातून माझी काही मतं झाली आहेत, ती इथे मांडते. पटली तर बघा.

पहिलं मत असं की, उत्तरं एकसारखी वाटतात ती शब्द तेच असल्यामुळे नव्हे. मी आधी तसंच समजत होते. म्हणून "धन्यवाद" झालं की "आभार", मग "ऋणी आहे", मग "शब्द अपुरे पडतात" असा जिना चढत गेले. पाचव्या निरोपाशी चढायला पायरीच उरली नाही. शिवाय ज्याने नुसतं "शुभेच्छा" लिहिलं त्याला "आपल्या ऋणात राहणेच आवडेल" असं उत्तर गेलं. त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, हिला उसने पैसे हवेत की काय.

आपल्या जुन्या पत्रांकडे बघा. मायना ठरलेला. आईवडिलांना तीर्थरूप, बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, लहानांना चिरंजीव. मोठ्यांना सा. न. वि. वि., लहानांना अनेक आशीर्वाद. शेवटी कळावे, लोभ असावा ही विनंती. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर शेकडो पोस्टकार्डं लिहिली असतील. सगळ्यांचं डोकं आणि शेपूट एकच. तरी कुणाला ती पत्रं तीच-ती वाटली नाहीत. याचं कारण मधला मजकूर. "तुझ्या म्हशीला पारडी झाल्याचे कळले", "तुमच्याकडील पायरीचा बांध या पावसात टिकला का ते लिहिणे". मायना ठरलेला असल्यामुळे सुरुवात कशी करू याचा विचारच करावा लागत नसे. सगळी बुद्धी मधल्या दोन ओळींना मिळे. आम्ही उलटं करतो. सुरुवात सजवत बसतो आणि मजकुरात काही नसतं.

म्हणून मी ठरवलं की आभाराचा शब्द बदलायचाच नाही. जिथे आभार मानायचे तिथे "आनंद झाला" एवढं साधं लिहायचं, पन्नासदा लिहावं लागलं तरी. बदलायचा तो मजकूर.

हा मजकूर आणायचा कुठून? तर समोरच्याच्या निरोपातून. मी शाळेत उतारा शिकवताना मुलांना सांगत असे, आधी दोनदा वाचा आणि महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारा. तेच केलं. प्रत्येक निरोप वहीत उतरवला आणि जो शब्द फक्त त्याच माणसाचा वाटला त्याखाली रेघ मारली. एक उदाहरण देते. एका विद्यार्थ्याचा निरोप होता :

"बाई, पंच्याहत्तरीनिमित्त हार्दिक शुभेच्छा. आपणांस उदंड आयुष्य लाभो. तुमच्यामुळे घडलो. सातवीचं प्रगतिपुस्तक अजून आहे माझ्याकडे."

यातली पहिली तीन वाक्यं कुणाचीही असू शकतात. रेघ पडली ती "सातवीचं प्रगतिपुस्तक" याखाली. माझं पहिलं उत्तर असं झालं होतं : "तुझ्यासारखे विद्यार्थी हीच माझी खरी संपत्ती. असाच मोठा हो." वाचायला गोड आहे की नाही? पण आता त्याचं नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याचं घाला. बसतं! मग ते उत्तर त्याचं नव्हेच. ही नाव बदलून बघण्याची परीक्षा मी पुढे प्रत्येक उत्तराला लावली. निम्म्याहून जास्त पहिल्या फेरीत नापास झाली.

मग आठवायला बसले. वर्गात पंचावन्न मुलं असायची आणि वर्षाखेरी पंचावन्न शेरे लिहायचे. सुरुवातीला मीही "प्रगती समाधानकारक" असं ओळीने लिहीत सुटायची. दोन शेजारची मुलं एकमेकांची प्रगतिपुस्तकं बघतात आणि शेरा सारखाच निघाला की हिरमुसतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून प्रत्येकाला एक तरी गोष्ट त्याचीच लिहायची असं ठरवलं. या मुलाचा शेरा मला आठवला नाही. आठवत असल्याचं सोंग मी केलं नाही. लिहिलं ते असं :

"चि. ..., अनेक आशीर्वाद. निरोप वाचून आनंद झाला. सातवीच्या प्रगतिपुस्तकात मी काय शेरा लिहिला होता रे? वाईट असेल तर सांगू नकोस."

तासाभरात फोटो आला. शेरा होता : "अक्षर सुधारले. जोडाक्षरे अजून चुकतात." खाली त्याने लिहिलं, "बाई, अजून चुकतात." आता तो एस. टी.च्या डेपोत मेकॅनिक आहे आणि त्याची मुलगी दहावीला आहे, हे मला त्यानंतरच्या गप्पांत कळलं. "असाच मोठा हो" लिहिलं असतं तर जोडलेल्या हातांचं एक चित्र आलं असतं आणि विषय मिटला असता. उत्तर जमलं की नाही हे कळण्याची माझी खूण हीच आहे. नुसता अंगठा आला तर समजावं, आपण पावती फाडली. काही बोलणं आलं तर जमलं.

मात्र प्रत्येकाला शेवटी प्रश्न विचारायचा नाही, हेही लवकरच लक्षात आलं. प्रश्न म्हणजे समोरच्यावर आणखी एका उत्तराचा बोजा. ऐंशीच्या पुढच्या, कापऱ्या हाताने पोस्टकार्ड लिहिणाऱ्या माझ्या जुन्या मुख्याध्यापकांना प्रश्न विचारला तर ते शिस्तीचे असल्यामुळे उत्तर लिहिणारच, आणि त्यासाठी कुणाला तरी पोस्टात धाडणार. त्यांना मी फक्त कळवलं : त्यांनी लावून दिलेली, पाठाच्या टाचणाच्या वहीत डाव्या पानावर मुलांच्या चुका लिहायची सवय मी निवृत्तीपर्यंत सोडली नाही. पोस्टकार्डावर त्याहून जास्त जागाही नसते. ही पोस्टकार्डाची फार मोठी सोय आहे. गळा काढायला जागाच मिळत नाही.

आता दुसरं मत. यावर माझ्याशी भांडण होऊ शकेल. घरच्या माणसांना धन्यवाद म्हणू नये.

आपल्या घरांत ही पद्धत नव्हतीच. भावाने ऐन पावसात आंबोळीचं पीठ आणून दिलं तर बहीण "भिजलास की रे मेल्या" म्हणते. धन्यवाद म्हणाली तर तो विचारेल, काय बिनसलं? आभार हा परक्याशी बोलायचा शब्द होता, सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन करणाऱ्याचा. इंग्रजी शाळेत शिकलेली माझी नात म्हणते, "आजी, थँक्यू म्हटलं तर काय बिघडतं?" काही बिघडत नाही. तिच्या तोंडी तो शब्द हलका आणि गोड वाटतो. पण माझ्या पिढीतल्या नणंदेला मी "मनःपूर्वक धन्यवाद" लिहिते तेव्हा तिला ते दार लोटून घेतल्यासारखं वाटतं. एकसारखेपणापेक्षाही हा परकेपणा जास्त लागतो, असं माझं मत आहे.

मग घरच्यांना काय लिहायचं? विचारपूस, आठवण, थोडं रागावणं. नणंदेला दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लिहिलं : "काल भरलेल्या डोळ्यांचं विसर. तू सकाळी सव्वासहाला निरोप पाठवलास म्हणजे पुन्हा झोप लागत नाही वाटतं. गोळी बदलून घेतलीस का?" तिचा लगेच फोन आला, चाळीस मिनिटं. ज्या निरोपात रेघ मारण्यासारखा शब्दच नसतो, त्यात निदान वेळ तरी असते, हे त्या सव्वासहाने शिकवलं.

पण काही निरोपांत तेही नसतं. नुसतं गुलाबाचं चित्र, त्यावर छापलेलं "जन्मदिनाच्या हार्दिक शुभेच्छा", आणि तेही दुसऱ्या कुणी पाठवलेलं पुढे ढकललेलं. असे माझ्याकडे एकोणीस होते. यावर माझी भाची म्हणते, चित्राला चित्र पाठवावं, फिटंफाट. मला तसं वाटत नाही. काहींना टंकता येत नाही, काहींना लिहायची लाज वाटते. आमच्याकडे वीस वर्षं दूध घालणाऱ्या दादांनी असाच गुलाब पाठवला होता. त्यांना लिहिता येत नाही हे मला माहीत आहे. त्यांना मी लिहिलंच नाही, आवाज भरून पाठवला : "दादा, गुलाब मिळाला. शिऱ्याला दूध मात्र पिशवीचं होतं, तुमच्या दुधाची चव आली नाही." ज्याच्या निरोपात काही नाही, त्याच्याविषयी आपल्याला काहीतरी माहीत असतंच.

आणि खरोखरच काही माहीत नसेल तर? सोसायटीतले तीन-चार जण असे होते की ज्यांचे चेहरेही मला नीट आठवेनात. त्यांना "शुभेच्छा मिळाल्या, आनंद झाला" एवढंच लिहिलं. तिथे ओढूनताणून जिव्हाळा आणायला गेलं की तो बेगडी होतो, आणि बेगड लांबूनही चमकते. थोडक्यात लिहिणं म्हणजे कोरडेपणा नव्हे.

ग्रुपवर लिहिताना आणखी एक पथ्य पाळावं लागतं. तिथे सगळे सगळ्यांची उत्तरं वाचतात. मोठ्या पुतण्याला पाच ओळी आणि धाकट्याला दीड ओळ, असं झालं की धाकट्याची बायको मोजते. (मी कुणाचं नाव घेतलेलं नाही हं.) म्हणून ग्रुपवर प्रत्येकाला दोनच ओळी, पण त्याच्या-त्याच्या. जास्त बोलायचं असेल तर ते वेगळं, खाजगीत. विशेषतः ज्यांनी आमच्या ह्यांची आठवण काढली त्यांना. "आज भाऊ असते तर" असं पाच जणांनी लिहिलं होतं. त्याला चारचौघांत काय उत्तर द्यायचं? तिथे नुसतं "हो" म्हटलं, आणि मग एकेकाला सावकाश लिहिलं. ह्यांच्या मित्राला कळवलं की त्यांचा बुद्धिबळाचा पट अजून तसाच आहे, फक्त एक काळा घोडा सापडत नाही. ते म्हणाले, घोडा त्यांच्याकडे आहे. 2011 पासून!

रोज आठाच्या वर उत्तरं लिहायची नाहीत, असंही ठरवलं होतं. हे आळसाने नव्हे. नवव्या उत्तराला हात आपोआप आधीचं वाक्य लिहू लागतो. पेपर तपासताना हे मी अनुभवलेलं आहे. तिसाव्या पेपराला आपण निबंध वाचत नाही, ओळी मोजतो. आठवडाभर उशीर झाला तर होऊ दे. उशिराबद्दल प्रत्येकाला क्षमाही मागत बसायची नाही. तसं केलं की ते वाक्यच पन्नासदा लिहिलं जातं.

"माझं कसलं कर्तृत्व" असंही लिहायचं नाही, हे मी पाच-सहा उत्तरं वाया घालवून शिकले. आपण असं लिहिलं की समोरच्याला "छे छे, असं कसं" म्हणत पुन्हा स्तुती करावी लागते. म्हणजे आपणच ती मागून घेतल्यासारखं. दिलेलं घ्यावं मुकाट्याने, ओटीत घेतो तसं.

वहीतलं शेवटचं नाव मी सातही दिवस पुढे ढकलत होते. माझ्या धाकट्या जावेचं. घराच्या वाटणीवरून आमच्यात जे झालं त्याला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. मीही नाही. तिचा निरोप ग्रुपवर नव्हता, वेगळा आला होता. एकच शब्द : "अभिनंदन."

रेघ कशाखाली मारणार? पाच वेळा लिहिलं. पहिल्या उत्तरात मी मोठेपणा घेतला होता, "झालं गेलं विसरून जाऊ" वगैरे. ते वाचलं तर तिला वाटलं असतं, हिने माफ केलं म्हणे मला! दुसरं इतकं गोड होतं की मलाच संशय आला. तिसऱ्यात हळूच एक टोमणा शिरला होता, तो माझ्या उशिरा लक्षात आला. चौथं म्हणजे नुसतं "धन्यवाद", आणि त्या शब्दाबद्दल माझं काय मत आहे ते वर लिहिलंच आहे. तिचा शब्द एक, म्हणून माझं उत्तर फार लांबही चालणार नव्हतं. एका शब्दाला दहा ओळींचं उत्तर म्हणजे अंगावर धावून जाणंच.

मार्च होता, बाजारात ओले काजूगर आले होते. तिच्या हातची ओल्या काजूची उसळ आमच्या घरात प्रसिद्ध होती. बाकीच्यांनी करून पाहिली, तिच्यासारखी कुणाला साधली नाही. शेवटी लिहिलं :

"निरोप मिळाला, बरं वाटलं. रविवारी ओल्या काजूची उसळ केली होती. काजू फुटले आणि रस पातळ झाला."

पाठवलं आणि मोबाईल उलटा ठेवून दिला. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर पाहिलं तर उत्तर आलेलं होतं.

"वहिनी, तुम्ही झाकण ठेवून ढवळत बसता. ढवळायचं नाही. वाटण नंतर घालायचं. मीठ सगळ्यांत शेवटी."

खाली, थोड्या वेळाने पाठवलेली, आणखी एक ओळ होती : "काजू अजून मिळतात का तिकडे?"